आधार कार्डावरची बाई आणि दारातली बाई: सांगलीतील एका घराचे प्रकरण

माझे वडील ८१ वर्षांचे आणि आई ७६ वर्षांची. सांगलीत विश्रामबागेत, पहिल्या मजल्यावरच्या जुन्या सदनिकेत दोघेच राहतात. मी ठाण्यात नोकरी करते आणि भाऊ परदेशात असतो. मागच्या ऑक्टोबरमध्ये वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात व उजवा पाय लुळा पडला. मिरजेच्या रुग्णालयातून सतरा दिवसांनी घरी सोडले तेव्हा कोणी नीट आधार दिला तर ते खुर्चीत बसू शकत होते, स्वतःच्या डाव्या हाताने थोडेफार जेवू शकत होते, पण कूस बदलणे, शौचाला बसणे आणि अंग पुसणे यांपैकी काहीही एकट्याने करू शकत नव्हते. त्यांचे वजन ७२ किलो आहे. आईचे गुडघे झिजलेले आहेत आणि एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया व्हायची आहे. शिवाय वडिलांना दोन वेळा इन्सुलिन घ्यावे लागते.

त्यानंतरच्या चार महिन्यांत आमच्या घरी तीन बायका कामाला आल्या. त्यांपैकी दुसरीच्या वेळी काय चुकले आणि तिसरीच्या वेळी आम्ही काय बदलले, हे येथे सविस्तर मांडले आहे. सर्वांची नावे बदललेली आहेत.

रुग्णालयातून सुटी मिळण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही घरी रुग्णसेवेसाठी बायका पुरवणाऱ्या एका ब्युरोला फोन केला. घाई हीच आमची पहिली चूक होती, कारण घरी नेण्याची तारीख आठवडाभर आधी ठाऊक असूनही आम्ही बाई शोधायला शेवटचे बारा तास ठेवले होते. ब्युरोने चोवीस तासांच्या ड्युटीसाठी महिन्याला २१ हजार रुपये सांगितले, एका महिन्याचे पैसे आगाऊ घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक मावशी पाठवल्या. कोणती कामे करणार, या प्रश्नावर "पेशंटचं सगळं करतात" एवढे एकच उत्तर मिळाले, आणि त्या वेळी ते आम्हाला पुरेसे वाटले. अकराव्या दिवशी त्या मावशींच्या घरी कोणी आजारी पडले, त्या गावी गेल्या, आणि ब्युरोने बदली म्हणून दुसऱ्या बाई पाठवल्या. तो रविवार होता. मी चारच दिवसांपूर्वी ठाण्याला परतले होते, त्यामुळे दार उघडले ते आईने.

बाई येण्याआधी ब्युरोने माझ्या मोबाइलवर आधार कार्डाचा फोटो पाठवला होता. नाव शांता, वय ४६, पत्ता जत तालुक्यातील एका गावाचा. फोटोखाली ब्युरोचा शिक्का होता आणि त्यावर "आधार व्हेरिफाइड" असे लिहिलेले होते. मी तो फोटो आईला पुढे पाठवला आणि निश्चिंत झाले.

आठवडाभराने आई फोनवर म्हणाली, "अगं, या बाईंना आपण शांताबाई म्हणतो, पण त्या फोनवर बोलताना स्वतःचं नाव गंगव्वा सांगतात. आणि मी 'शांताबाई' अशी हाक मारली की दोन-दोनदा मारावी लागते." त्याच दिवशी दुपारी वडील पलंगाच्या कडेवरून घसरून जमिनीवर आले. हाड मोडले नाही, पण उजवा खांदा सुजला, आणि त्यांना उचलून पलंगावर ठेवायला खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाला वर यावे लागले, कारण बाईंना ते जमेना. मी रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली.

सकाळी मी त्यांना मूळ आधार कार्ड दाखवायला सांगितले. आधी त्या म्हणाल्या, कार्ड गावी आहे. मग बराच वेळ गप्प बसल्या आणि शेवटी पिशवीतून स्वतःचे खरे कार्ड काढून माझ्या हातात दिले. नाव गंगव्वा, वय ६१. शांता ही त्यांची धाकटी जाऊ. ब्युरो पन्नाशीच्या पुढच्या बाईला कामावर घेत नाही, म्हणून जावेचे कार्ड दिले, आणि ब्युरोतल्या माणसालाही हे ठाऊक होते, असे त्यांनी सांगितले. आमच्या २१ हजारांपैकी त्यांच्या हातात १५ हजार पडणार होते. घरातली एकही वस्तू जागची हललेली नव्हती. आईशी त्या मायेने वागत होत्या, आणि वडिलांना भरवताना तर पहिल्या मावशींपेक्षा अधिक सबुरी दाखवत होत्या.

या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट इथेच आहे. ओळख पटवणे म्हणजे चोरीपासूनचा बचाव, असे आपण धरून चालतो आणि चोरी झाली नाही की सगळे ठीक आहे असे मानतो. आमच्याकडे चोरी झालीच नाही. खोट्या नावाने लपवले होते ते वय, आणि ७२ किलोच्या, एका बाजूने लुळ्या माणसाला दिवसातून सहा-सात वेळा उठवण्या-बसवण्याच्या कामात वय हीच पहिली पाहण्याची गोष्ट होती. एकसष्टीच्या बाईंची कंबर त्या वजनाखाली वाकत होती, हे त्या सांगू शकत नव्हत्या, कारण सांगितले असते तर नावही सांगावे लागले असते. वडील घसरले त्याचे कारण हलगर्जीपणा नव्हता. त्या एकट्या बाईच्या ताकदीबाहेरचे काम आम्ही, न पाहता, तिच्यावर सोपवले होते.

आम्ही त्यांचा त्या दिवसापर्यंतचा हिशेब त्यांच्याच हातात दिला आणि त्यांना सन्मानाने निरोप दिला. ब्युरोशी मात्र बोलाचाली झाली. आगाऊ दिलेल्या पैशांतले उरलेले परत मिळायला सव्वा महिना लागला, आणि तेही पूर्ण मिळाले नाहीत.

शिक्क्याचा अर्थ काय होता

"आधार व्हेरिफाइड" हा शिक्का खोटा नव्हता, आणि हे मला नंतर कळले. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक टाकला की तो क्रमांक अस्तित्वात आहे, असे उत्तर येते आणि सोबत वयोगट, लिंग, राज्य आणि नोंदलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. नाव दिसत नाही, चेहरा दिसत नाही. म्हणजे क्रमांक खरा आहे एवढेच त्यातून कळते. समोर उभी असलेली व्यक्ती त्या क्रमांकाची आहे की नाही, हे त्यातून कळूच शकत नाही. शांताचा क्रमांक खराच होता.

समोरच्या माणसाशी कार्ड जुळवायचे असेल तर कार्डावरचा क्यूआर कोड आधार प्राधिकरणाच्याच अ‍ॅपने, मूळ कार्ड हातात घेऊन, त्या व्यक्तीच्या समक्ष स्कॅन करावा लागतो. अलीकडच्या कार्डांवरील कोडमध्ये नाव, जन्मतारीख, पत्ता आणि लहानसा फोटोही असतो, आणि त्यावर प्राधिकरणाची डिजिटल सही असल्यामुळे छापील कार्डावर कोणी नाव किंवा फोटो बदलला असला तरी स्कॅनमध्ये मूळचेच दिसते. तो फोटो आणि दारातला चेहरा शेजारी शेजारी पाहायचा. जुन्या कार्डांवरच्या कोडमध्ये फोटो नसतो. तेव्हा त्या बाईंना त्यांच्या मोबाइलवर ई-आधार उतरवून घ्यायला सांगावे. त्यासाठीचा ओटीपी त्यांच्याच नोंदलेल्या मोबाइलवर येतो, आणि तो येणे हासुद्धा ओळखीचा एक चांगला पुरावा ठरतो. मोबाइलवर फोटो मागवून ही गोष्ट होत नाही. मी नेमके तेच केले होते.

तिसऱ्या बाईंच्या वेळी, म्हणजे महादेवींच्या वेळी, मी आठ दिवसांची रजा काढून सांगलीत राहिले. त्या माझ्या आईच्या भिशीतल्या एका बाईंच्या ओळखीने आल्या होत्या. वय ३८, मूळ गाव विजापूरकडचे, मातृभाषा कानडी, मराठी बोलणे सफाईदार पण वाचणे जेमतेम. भाच्याच्या कुटुंबासोबत मिरजेत भाड्याच्या खोलीत राहत होत्या. कार्ड स्कॅन झाले, चेहरा जुळला. पण त्यावरचा पत्ता विजापूरकडचाच होता, आणि आधार कार्ड आज माणूस कुठे राहतो हे सांगत नाही. म्हणून मी आणि आईची मैत्रीण त्यांच्या खोलीवर जाऊन आलो. खोलीमालकीण भेटली, भाच्याची बायको भेटली, चहा झाला. अर्ध्या तासाच्या त्या भेटीने मला दहा कागदांपेक्षा जास्त सांगितले, आणि महादेवींनाही आम्ही कोण आहोत ते दिसले.

आधी काम केलेल्या दोन घरांचे फोन नंबर त्यांनी दिले. इथे एक अडचण असते: नंबर कोणाचाही देता येतो आणि पलीकडून कोणीही "हो, चांगली आहे" म्हणू शकतो. त्यामुळे मी होय-नाहीचे प्रश्न विचारलेच नाहीत. तुमच्या आईंना नेमका काय आजार होता, महादेवी सुटीवर गेल्या की बदली कोण यायचे, काम कशामुळे सुटले, रात्री किती वेळा उठावे लागायचे, असे विचारले आणि तेच प्रश्न वेगळे महादेवींनाही विचारले. दोन्हीकडची उत्तरे जुळली. एका घरी काम सुटले त्याचे कारण मात्र दोघींनी वेगवेगळे सांगितले, कारण पगारावरून खटका उडाला होता. ती तफावत मला खोटेपणाची वाटली नाही. जिथे दोन्ही बाजू शब्दशः एकच वाक्य बोलतात, तिथे मी जास्त सावध होईन.

त्यानंतर आम्ही दोघी मिळून जवळच्या पोलीस ठाण्यात गेलो. घरकामगाराची माहिती देण्याचा अर्ज, दोन फोटो, आधारची प्रत, सध्याचा आणि मूळ पत्ता, आणि आमच्या घराचा तपशील एवढे तिथे दिले. मूळ गाव कर्नाटकात असल्यामुळे तिकडच्या ठाण्याकडून उत्तर यायला वेळ लागेल, असे तिथल्या हवालदारांनी आधीच स्पष्ट केले. पोलीस पडताळणीत त्या नावावर गुन्ह्याची नोंद आहे का, हे मुख्यतः पाहिले जाते. स्वभावाची किंवा कामाची हमी त्यात नसते, आणि उत्तर येईपर्यंत काम थांबवता येईल अशी बहुतेक घरांची स्थिती नसते. तरीही अर्ज बाईंना सोबत घेऊन, त्यांना सांगून करावा असे माझे ठाम मत आहे. पाठीमागे केलेली चौकशी कळते, आणि कळली की घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी असलेल्या नात्याला पहिल्याच आठवड्यात तडा जातो.

त्याच परतीच्या रिक्षात महादेवींनी मला विचारले, "ताई, रात्री घरात पुरुषमाणूस कोण कोण येतं?" प्रश्न अगदी रास्त होता. अनोळखी घरात रात्री झोपायचे असते ते त्यांना. वडील, आणि वर्षातून एकदा भाऊ, एवढे मी सांगितले. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरकामगारांनाही लागू आहे, आणि तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, हेही सांगितले.

खुर्ची कोणत्या बाजूला

काम येते का, हे विचारून कळत नाही. करून पाहावे लागते. महादेवींच्या आधी आणखी एक बाई भेटायला आल्या होत्या आणि त्यांचा अनुभव आठ वर्षांचा होता. दोघींनाही मी एकच गोष्ट करायला सांगितली: बाबांना पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसवून दाखवा. फिजिओथेरपिस्टने ती कृती मला रुग्णालयात शिकवली होती, त्यामुळे काय पाहायचे ते मला ठाऊक होते.

त्या आठ वर्षांच्या अनुभवाच्या बाईंनी खुर्ची मोकळी जागा दिसली तिथे, म्हणजे उजवीकडे ठेवली, ब्रेक लावला नाही, आणि वडिलांच्या दोन्ही काखांत हात घालून त्यांना वर ओढले. अर्धांगवायूच्या रुग्णाच्या लुळ्या हाताचे स्नायू खांद्याला धरून ठेवत नाहीत, त्यामुळे काखेतून किंवा हात धरून ओढले की तो खांदा सांध्यातून खाली उतरू शकतो. वडिलांच्या तोंडून कळ आल्याचा आवाज निघाला आणि मी त्यांना थांबवले.

महादेवींनी आधी विचारले, "आजोबांची कोणती बाजू चालते?" मग खुर्ची डावीकडे, पलंगाला थोडी तिरकी लावली, दोन्ही ब्रेक दाबले आणि पायटेकू वर उचलला. वडिलांना कुशीवर वळवून कडेवर बसवले आणि मिनिटभर तसेच बसू दिले, कारण झोपलेला माणूस एकदम उठला की डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यांच्या पायांत घट्ट चप्पल घातली, स्वतःचा गुडघा त्यांच्या लुळ्या गुडघ्याला टेकवला, कमरेच्या पट्ट्याला धरले आणि म्हणाल्या, "आजोबा, डावा हात खुर्चीवर ठेवा. आता मी तीन म्हटलं की उठायचं." वडील त्यांच्या चांगल्या पायावर उठले, वळले आणि बसले. ओढणे असे कुठे झालेच नाही. पगाराची बोलणी त्यानंतर सुरू झाली.

कागदावर काय लिहिले

बोलणी करण्याआधी मी एक काम केले होते, आणि त्याचा सर्वांत जास्त उपयोग झाला. दोन दिवस आणि दोन रात्री मी वडिलांजवळ बसून, काय काय करावे लागते ते वेळेसह वहीत लिहून काढले. रात्री अकरा, सव्वा एक, तीन आणि पाच अशा चार वेळा लघवीसाठी उठावे लागते, हे आईने "एखाद-दोनदा उठतात" या शब्दांत सांगितले होते. चोवीस तासांच्या ड्युटीतले बहुतेक भांडण या एखाद-दोनदामध्ये दडलेले असते. चोवीस तास राहणे म्हणजे चोवीस तास जागे राहणे नव्हे, आणि जी बाई सलग आठ रात्री चार-चारदा उठते ती नवव्या दिवशी दुपारी रुग्णाला आधार देताना डुलकी खाते.

डॉक्टरांशी बोलून आम्ही संध्याकाळी सहानंतरचे पाणी कमी केले, पलंगाशेजारी लघवीचे भांडे ठेवले आणि रात्री दहा ते पाच ही झोपेची वेळ ठरवली. दोनदा उठणे पगारात धरले. त्याहून जास्त वेळा उठावे लागले तर दुसऱ्या दिवशी दुपारी दोन तास सलग विश्रांती, आणि त्या वेळी आई वडिलांजवळ बसेल, असे लिहिले.

कामांचे आम्ही तीन भाग केले. वडिलांच्या शरीराचे सर्व काम महादेवींचे: अंघोळ किंवा अंग पुसणे, डायपर, दर दोन तासांनी कूस बदलणे, जेवण भरवणे, फिजिओथेरपिस्टने दाखवलेले व्यायाम, आणि वडिलांचे कपडे व चादरी धुवायच्या यंत्रात टाकणे. दोघांचा स्वयंपाक, भांडी आणि केरफरशी त्यांची नाही. त्यासाठी आधीपासूनची बाई येत राहील. तिसरा भाग औषधांचा, आणि तिथे मी जास्त वेळ घालवला. गोळ्या मी किंवा आई आठवड्याच्या डब्यात भरणार, महादेवी त्या त्या खणातल्या वेळेवर देणार. इन्सुलिनचे इंजेक्शन त्यांनी द्यायचे नाही. त्या प्रशिक्षित नर्स नव्हत्या, आणि पेनवरचा आकडा चुकला तर त्याची जबाबदारी त्यांच्या डोक्यावर टाकणे मला पटत नव्हते. शेजारच्या इमारतीतल्या निवृत्त परिचारिका सकाळ-संध्याकाळ येऊन इंजेक्शन देतात, दर खेपेला आम्ही त्यांना १०० रुपये देतो. ब्युरोने पहिल्या दोन बायकांच्या वेळी इन्सुलिनचा प्रश्न "त्या देतात की" असे म्हणून उडवून लावला होता.

मात्र साखर उतरल्याचे ओळखणे महादेवींना यायलाच हवे होते. दरदरून घाम, हात थरथरणे, एकाएकी चिडचिड किंवा गुंगी दिसली की लगेच ग्लुकोमीटरवर तपासायचे. आकडा ७० च्या खाली असेल आणि वडील नीट गिळू शकत असतील तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. गुंगीत असतील तर तोंडात काहीही घालायचे नाही, १०८ ला फोन करायचा आणि मग मला. हे मोठ्या अक्षरांत कानडीत लिहून भाच्याने भिंतीवर चिकटवले.

पगार १८ हजार ठरला, दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत थेट त्यांच्या बँक खात्यात. आठवड्यातून रविवारी सकाळी आठ ते सोमवारी सकाळी आठ सुटी. उचल जास्तीत जास्त अर्ध्या पगाराएवढी, आणि ती पुढच्या तीन पगारांतून वळती होईल. कोणीही काम थांबवायचे ठरवले तर पंधरा दिवस आधी सांगायचे. आईच्या हाताशी ३ हजारांची एक पाकीटभर रक्कम, शेजारी वही, आणि एटीएम कार्ड किंवा ओटीपी बाईंनी कधीही मागायचा नाही, आम्ही द्यायचा नाही. आईचे दागिने मी महादेवी येण्याच्या आधीच लॉकरमध्ये ठेवले, कारण त्या आल्यानंतर ठेवले असते तर ते त्यांच्या डोळ्यांसमोर झाले असते. हॉलमध्ये कॅमेरा आहे, वडिलांच्या खोलीत नाही, हेही लिहिले.

दीड पानाचा तो कागद मी मोठ्याने वाचला. आई, वडील, महादेवी आणि त्यांचा भाचा असे चौघे बसले होते. भाच्याने मधे मधे कानडीत समजावले. दोन ठिकाणी महादेवींनी बदल सुचवला: जेवण ताजे हवे, आदल्या दिवशीचे नको, आणि फोनवर मुलीशी रोज रात्री अर्धा तास बोलू द्यावे. दोन्ही लिहिले. सह्या झाल्या, एक प्रत त्यांच्याकडे गेली. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाकडे १८ ते ६० वर्षांच्या कामगारांना नोंदणी करता येते. त्यासाठी आमच्याकडे काम करत असल्याचा दाखलाही मी लिहून दिला.

करार मोडला तो आम्ही

जानेवारीत संक्रांतीचे हळदीकुंकू होते. आईने बारा-पंधरा बायकांना बोलावले. घरकामाची बाई त्या दिवशी आली नाही, आणि आई महादेवींना म्हणाली, "आजच्या दिवस तेवढा चहा बघ ना गं." त्यांनी चहा केला, ताटे लावली, भांडी विसळली. आईला नाही म्हणणे त्यांना जमले नाही, आणि कागद कपाटात होता.

मला हे कळले ते वहीवरून. महादेवी वडिलांच्या प्रत्येक कामाची वेळ खुणेने लिहीत: डायपरसाठी गोल, कूस बदलण्यासाठी बाण. रोज रात्री त्या पानाचा फोटो मला येतो. त्या दिवशी दुपारी अडीच ते साडेसहा या चार तासांत पानावर एकही खूण नव्हती. मी फोन केला. वडील त्या चार तासांत ओल्या डायपरमध्ये एकाच कुशीवर पडून होते. दुसऱ्या दिवशी सकाळी माकडहाडाच्या जागी रुपयाएवढा लाल चट्टा दिसला आणि बोटाने दाबला तरी पांढरा होईना. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची जखम अशीच सुरू होते. त्या जागेवर भार न देता, कूस वेळेवर बदलून आणि कातडी कोरडी ठेवून तो चट्टा जायला नऊ दिवस लागले. वेळेत दिसला नसता तर महिने लागले असते.

रागवायचे कोणावर, हा प्रश्न नव्हताच. महादेवींनी घरच्या मोठ्या बाईचे ऐकले होते. आईला मी फोनवर नव्हे, पुढच्या शनिवारी जाऊन, तो चट्टा स्वतःच्या डोळ्यांनी दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनेच सुचवले की पाहुणे असतील त्या दिवशी चारशे रुपये देऊन दुसरी बाई बोलवायची, आणि कागदाची एक प्रत कपाटातून काढून फ्रिजवर लावायची. "मी विसरले तर तू त्याच्याकडे बोट दाखव," असे तिने महादेवींना सांगितले.

पोलीस ठाण्यातून उत्तर फेब्रुवारीत आले. नोंद काही नव्हती.

त्याच महिन्यात माघ पौर्णिमेला महादेवींना सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला चार दिवस जायचे होते. बदली त्यांनीच सुचवली, चुलत बहीण. मला रजा नव्हती. बहीण सकाळी सातला आली तेव्हा आईने तिला हॉलमध्ये बसवले, पाणी दिले, आणि खालच्या मजल्यावरचा मुलगा मोबाइल घेऊन वर येईपर्यंत थांबायला सांगितले. त्याने कार्ड स्कॅन केले. मग महादेवी बाजूला उभ्या राहिल्या आणि बहिणीने वडिलांना खुर्चीत बसवून दाखवले. आठ वाजता आईचा फोन आला. "फोटो तिचाच आहे," ती म्हणाली, "पण ब्रेक एकच लावला होता. दुसरा मी लावायला सांगितला, आणि पुन्हा एकदा करून बघितलं. आता जमतंय."